लेखी ताकीद: विनापरवाना वारंवार गैरहजेरीबाबत

कार्मिक विभाग, उद्यमबाग, बेळगाव
पत्र क्र. का.वि./ताकीद/14/2025-26
दिनांक: 26 नोव्हेंबर 2025
वैयक्तिक व गोपनीय (हातपोच)

प्रति,
श्री. परशराम पाटील
टोकन क्र. 217, सीएनसी ऑपरेटर, मशीन शॉप, पहिली शिफ्ट

संदर्भ: 1) 17 जुलै 2025 रोजी विभागप्रमुखांसमोर झालेले बोलणे व त्याची आपल्या सहीची नोंद. 2) 17 नोव्हेंबर 2025 ची कारणे दाखवा नोटीस. 3) आपले 20 नोव्हेंबर 2025 चे लेखी उत्तर.

श्री. परशराम पाटील यांस,
स. न.

नोटिशीला आपण मुदतीत उत्तर दिलेत. ते वाचून, हजेरीपत्रक, पंचिंगची नोंद आणि रजा रजिस्टर यांच्याशी ताडून हे पत्र देत आहोत.

नोटिशीत आम्ही 12 दिवस दाखवले होते. त्यातला 18 ऑक्टोबरचा दिवस वगळला आहे. त्या दिवशी पहाटे 5.40 ला आपण सुपरवायझरना आईंना दवाखान्यात दाखल केल्याचा मेसेज केला होता आणि नंतर डिस्चार्जचा कागदही दिला होता. तो कागद टाइम ऑफिसमधून आमच्याकडे आला नाही, ही चूक आमच्या बाजूची. तो दिवस रजेत धरला असून त्याचा कापलेला पगार नोव्हेंबरच्या पगारात जमा होईल.

उरलेले 11 दिवस असे:

14 व 15 जुलै: 2 दिवस
28, 29 व 30 ऑगस्ट: 3 दिवस
22 सप्टेंबर: 1 दिवस
10 ते 14 नोव्हेंबर: 5 दिवस

या चारही वेळा रजेचा अर्ज नव्हता, शिफ्ट सुरू होण्याआधी फोन किंवा मेसेज नव्हता आणि कामावर परतल्यावर कारणाचा कागदही आला नाही.

आपल्या उत्तरातले मुद्दे आम्ही एकेक करून पाहिले. जुलैत रोपलावण होती, असे आपण लिहिले आहे. त्यावर 17 जुलैला बोलणे झाले होते आणि पुढे अर्ज देऊनच जाईन, असे आपण सांगितले होते. ते दोन दिवस नव्या कारवाईसाठी नव्हे, फक्त क्रम दिसावा म्हणून वर घेतले आहेत. ऑगस्टमध्ये घरचा गणपती दीड दिवसाचा होता आणि 28 ला विसर्जन होते, हे मान्य. पण 29 आणि 30 तारखेबद्दल उत्तरात काहीच नाही. 22 सप्टेंबरला ताप होता म्हणता, तर ईएसआय दवाखान्याचा दाखला त्याच आठवड्यात यायला हवा होता. तो अजूनही आणून देता आला, तर त्या दिवसाचा फेरविचार करू.

मुख्य प्रश्न नोव्हेंबरच्या पाच दिवसांचा आहे. सुगीत माणसे मिळत नाहीत, कापलेले भात शेतात भिजले तर दाणा उगवतो, हे इथे कुणाला सांगावे लागत नाही. मशीन शॉपमधल्या निम्म्याहून अधिक घरांत शेती आहे. पण सुगी अचानक येत नाही. 1 नोव्हेंबरला आपल्या खात्यावर 9 दिवसांची भरपगारी रजा शिल्लक होती. आपल्याच सेलमधल्या दोघांनी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात अर्ज देऊन सुगीची रजा घेतली आणि त्यांच्या जागी बदली माणूस लावता आला. रजा शिल्लक असली म्हणजे ती मंजूर झाली असे होत नाही. अर्ज आणि मंजुरी दोन्ही लागतात. 12 तारखेला आम्ही दोनदा फोन केला, उचलला गेला नाही. शेवटी शेजारच्या मशीनवरच्या सहकाऱ्याकडून आपण सुगीत असल्याचे कळले. सहकाऱ्याकडे पाठवलेला निरोप नियमाप्रमाणे कळवणे ठरत नाही आणि त्यालाही ते अडचणीचे होते. त्या आठवड्यात मशीन क्र. 4 तीन शिफ्ट बंद राहिले आणि उरलेल्या दोन शिफ्टसाठी दुसऱ्या ऑपरेटरला ओव्हरटाइमवर थांबवावे लागले.

म्हणून आपले स्पष्टीकरण 18 ऑक्टोबरपुरते स्वीकारले आहे, बाकीच्या दिवसांबाबत समाधानकारक वाटलेले नाही. परवानगीशिवाय वारंवार गैरहजर राहणे हे स्थायी आदेशांनुसार गैरवर्तन आहे. 10 दिवसांहून जास्त सलग गैरहजेरीचे वेगळे कलम आहे, पण आपली सर्वांत मोठी गैरहजेरी 5 दिवसांची असल्याने ते इथे लावलेले नाही. नोकरी सोडून गेल्याचा अर्थही कुणी काढलेला नाही.

या पत्राने आपणांस लेखी ताकीद देण्यात येत आहे. ती आपल्या वैयक्तिक फाइलीत राहील आणि 25 नोव्हेंबर 2026 पर्यंत विचारात घेतली जाईल. तोवर पुन्हा असे घडले नाही, तर पुढच्या कोणत्याही निर्णयात ती धरली जाणार नाही. या ताकिदीसोबत दंड नाही, निलंबन नाही, पगारवाढ रोखलेली नाही. 11 दिवसांचा पगार कापला आहे, तो न केलेल्या कामापुरताच.

पुन्हा विनापरवाना गैरहजेरी झाली तर आरोपपत्र देऊन खातेअंतर्गत चौकशी करावी लागेल. त्या चौकशीत आपल्याला कागद पाहता येतील, साक्षीदारांना प्रश्न विचारता येतील आणि सोबत एक सहकारी किंवा युनियनचा प्रतिनिधी आणता येईल. चौकशी पूर्ण होऊन आपले म्हणणे ऐकल्याशिवाय कोणतीही शिक्षा ठरणार नाही.

यापुढे ठरवून घ्यायच्या रजेचा अर्ज 15 दिवस आधी सुपरवायझरकडे द्यावा आणि पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज हरवला की दोघांचीही पंचाईत होते. अचानक अडचण आली तर पहिल्या शिफ्टसाठी सकाळी 6.30 च्या आत सुपरवायझर किंवा टाइम ऑफिसला स्वतः किंवा घरच्यांमार्फत फोन करावा. मेसेज केला तर तो सुपरवायझरच्याच नंबरवर असावा, ग्रुपवर नको. आजारपणात ईएसआयचा दाखला कामावर रुजू होताना आणावा.

आपण 2014 पासून इथे आहात, याआधी एकही ताकीद नाही, आणि मशीन क्र. 4 वर आपल्या हातचा रिजेक्शनचा नग क्वचितच निघतो. हे लक्षात घेऊनच आरोपपत्राऐवजी ताकिदीवर थांबलो आहोत. पुढच्या रोपलावणीसाठी आणि सुगीसाठी लागणारे दिवस 31 मे 2026 पर्यंत लिहून दिलेत तर बदली माणूस आधीच ठरवता येईल. गरज पडल्यास त्या आठवड्यांत दुसरी शिफ्टही देता येईल. घरची दुसरी काही अडचण असेल तर 1 डिसेंबरला दुपारी 3.30 वाजता कार्मिक कार्यालयात या, सोबत हवे त्यांना आणा. त्या बोलण्याची नोंद या ताकिदीला जोडली जाणार नाही.

ताकीद मान्य नसेल तर 3 डिसेंबर 2025 पर्यंत कारखाना व्यवस्थापकांकडे लेखी अपील करता येईल. अपील मराठीत किंवा कन्नडमध्ये चालेल. आपल्या मागणीप्रमाणे हे पत्र मराठीत दिले असून त्याची कन्नड प्रत सोबत आहे. दोन्हींत कुठे फरक आढळल्यास लगेच दाखवावा, तो दुरुस्त करून देऊ.

खालची सही पत्र मिळाल्याची आहे, आरोप मान्य केल्याची नाही.

आपला,
व्यवस्थापक, कार्मिक विभाग

प्रत: विभागप्रमुख, मशीन शॉप, युनियनचे कार्यवाह (आपल्या संमतीने), वैयक्तिक फाइल. नोटीस बोर्डावर लावू नये.

पोच: पत्राची मराठी व कन्नड प्रत मिळाली.
परशराम पाटील, टोकन क्र. 217
26 नोव्हेंबर 2025, दुपारी 3.10