उत्तर: एक बातमी सांगायची होती

प्रशांत,

नोकरी गेल्याचा तुझा मेल काल रात्री वाचला. लगेच फोन लावणार होतो, पण साडेअकरा वाजले होते आणि तू शेवटी लिहिलं होतंस, 'आत्ता बोलायला नको.' म्हणून हे लिहितोय.

वाईट झालं रे. अकरा वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत. प्लँटच्या गेटवर तुझं ओळखपत्र काढून घेतलं, हे वाचून मला राग आला. तू ते एका ओळीत लिहून पुढे गेलास, मी मात्र तिथेच अडकलो.

'जे होतं ते चांगल्यासाठीच' हे मी म्हणणार नाही. माझी डाळ मिलची नोकरी गेली तेव्हा ते वाक्य इतक्यांदा ऐकलं की मोजायचं सोडून दिलं. तुला कधी सांगितलं नाही, पण तेव्हा बारा दिवस मी घरी बोललोच नव्हतो. सकाळी डबा घेऊन निघायचो आणि मेहरूण तलावाच्या काठावर जाऊन बसायचो. दुपारी एक वाजला की डबा उघडायचा, मिलच्या सुट्टीच्या वेळेला घरी परतायचं. तेराव्या दिवशी सुनीताने डब्यात दोन जास्तीच्या पोळ्या ठेवल्या आणि म्हणाली, "तलावावरच्या कुत्र्यांना." तिला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं म्हणे!

तू वहिनींना त्याच संध्याकाळी सांगितलंस. माझ्यापेक्षा शहाणा निघालास.

अमळनेरला मावशींना कसं सांगायचं हा तुझा खरा घोर दिसतोय. तू म्हणशील तेव्हा सांग, मी आपणहून एक शब्द काढणार नाही. सोबत हवी असेल तर सकाळच्या गाडीने येतो, दोघं मिळून सांगू. आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं एक आहे. मावशी कंपनीच्या मेडिक्लेममध्ये असतील, तर तो तुझ्या नोकरीबरोबरच संपतो. नक्की कुठल्या तारखेला, एवढंच एचआरला मेल करून विचार. तारीख कळली की दवाखान्याचं मी बघतो. नेणं-आणणं, थेंब घालायला माणूस, सगळं. पुण्याहून तू धावपळ करायची नाही.

आता कागदांचं. ते तुझ्याकडून राजीनामा लिहून घेताहेत आणि वर 'ग्रॅच्युइटी देतोय ना' असं ऐकवताहेत, हे मला खटकलं. ती काही मेहेरबानी नाही. पाच वर्षं भरली की हक्काची असते, राजीनामा दिला तरी मिळते. दर जुलैत तुझं रिटर्न मीच भरतो, त्यामुळे बेसिक मला पाठ आहे. 31,200 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 11. झाले 1,98,000. त्यांच्या कागदावर याहून कमी आकडा असेल तर विचारायचं. नोटीस पे आणि शिल्लक रजेचे पैसे वेगळे. सही करायच्या आधी सगळ्या पानांचे फोटो मला टाक. आमच्या सरांकडे कामगार कायद्याचं बघणारे एक वकील येतात, शुक्रवारच्या आत त्यांच्याकडून वाचून घेतो. फी वगैरेचं तू काढू नको.

पैशांचं स्पष्टच लिहितो, म्हणजे तुला मागायला लागणार नाही. माझ्याकडे 40,000 नुसते पडून आहेत. मुलीच्या शाळेचा हप्ता असो की फ्लॅटचा, एक मेसेज कर. परत कधी, ते मी विचारणार नाही आणि तूही सांगत बसू नको.

नोकरीसाठी इकडे एमआयडीसीत शब्द टाकू का? पाइपवाल्यांकडे, चटईवाल्यांकडे माझी ओळख आहे. पण पगार पुण्याचा मिळणार नाही हे तुलाही माहीत आहे, आणि तुला जळगावला परत यायचंय की नाही हे मला माहीत नाही. म्हणून तू सांगेपर्यंत गप्प बसतो. नाही म्हणालास तरी चालेल.

एक मात्र हट्टाने सांगतो. संक्रांतीच्या आधी दोन दिवस काढून सगळे या. बामणोदची वांगी आली आहेत, गच्चीवर कापसाच्या काड्या रचून ठेवल्यात. भरीत, कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. नोकरीचा विषय तू काढलास तर बोलू, नाहीतर मागच्या वेळेसारखं रात्री दोनपर्यंत पत्ते. माझ्या पडत्या काळात तू नेमकं तेच केलं होतंस, आठवतं? एकही सल्ला दिला नाहीस, फक्त माझी बंद पडलेली स्कूटर दिवसभर खोलून बसलास. ती सुरू झाली नाही ते सोड.

या मेलला उत्तर द्यायची घाई नाही. रविवारी रात्री नऊला फोन करतो. उचलावासा वाटला नाही तर वाजू दे, मी सोमवारी परत करीन.

घर तुनंच शे, भाऊ.

दिनेश

ता. क. कागदांचे फोटो आडवे काढू नको, मागच्या वर्षी फॉर्म सोळा वाचताना मान दुखली होती.