मशीन लर्निंग इंटर्नशिपसाठी अर्ज

नमस्कार मॅडम,

मी स्नेहा, सोलापूरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुमच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलंय की इंटर्नला पहिले दोन महिने मुख्यतः फोटो तपासणं, लेबल दुरुस्त करणं हेच काम असेल, मॉडेल नंतर. ते वाचूनच अर्ज करतेय, कारण माझ्या प्रोजेक्टमध्ये मी जे काही खरं शिकले ते तिथेच शिकले.

प्रोजेक्ट छोटा आहे. माझं आजोळ सांगोल्याकडे, मामांची डाळिंबाची बाग आहे, आणि पावसाळ्यात मृग बहाराला तेल्या हा फळावर डाग पाडणारा रोग आला की घरात दुसरा विषय नसतो. फळाचा फोटो बघून निरोगी, तेल्या की इतर डाग एवढं सांगणारा क्लासिफायर करायचा ठरवलं. ऑगस्ट ते ऑक्टोबर तीन बागांमधून मोबाईलवर 612 फोटो काढले. इमेजनेटवर आधीच ट्रेन झालेलं MobileNetV2 घेतलं, सुरुवातीचे लेअर फ्रीझ करून शेवटचे माझ्या फोटोंवर ट्रेन केले, सगळं फ्री कोलॅबवर. मॉडेल साधारण 9 एमबीचं आहे, म्हणजे मामांच्या साध्या फोनवरही बसेल.

पहिल्याच आठवड्यात 94 टक्के ॲक्युरसी आली. पण मी एकाच फळाचे चार-चार फोटो काढले होते आणि रँडम स्प्लिटमध्ये त्यातले दोन ट्रेनमध्ये, दोन टेस्टमध्ये गेले होते, म्हणजे मॉडेलला परीक्षेचा पेपर आधीच दाखवल्यासारखं. मग तिसरी बाग पूर्ण बाजूला ठेवली, तिचा एकही फोटो ट्रेनिंगला वापरला नाही. टेस्टच्या 140 फोटोंपैकी फक्त 99 बरोबर, म्हणजे 71 टक्के.

कुठं चुकतंय ते बघायला ग्रॅड-कॅम लावलं. तेल्याच्या बऱ्याच फोटोंत लाल पट्टा डागावर नव्हताच, तो होता मामांच्या अंगठ्यावर! झालं असं की रोगट फळ मामा तोडून हातात धरून दाखवायचे, निरोगी फळ मात्र मी झाडावरच टिपायचे, त्यामुळे मॉडेल "हात दिसला की तेल्या" असं शिकलं होतं. हे कळल्यावर पुन्हा पहिल्या दोन बागांत गेले, निरोगी फळं हातात धरून आणि रोगट फळं झाडावर असतानाच फोटो काढले, आणि सगळ्याच फोटोंत फळाभोवती क्रॉप केलं.

लेबलचंही तसंच. मी एकटीने लेबल लावली होती, मग मामांना शेजारी बसवून सगळे फोटो परत दाखवले तर जवळजवळ 40 फोटोंवर ते म्हणाले हा तेल्या नाही, हा उन्हाचा चट्टा, ही फुलकिड्यांची खरवड. तेल्याचा डाग आधी तेलकट, पाणी मुरल्यासारखा दिसतो आणि मोठा झाला की फळ तिथे एल किंवा वाय अक्षरासारखं तडकतं, हे त्यांनी फोटो झूम करून दाखवलं. ती एक दुपार मला कुठल्याही ऑनलाइन कोर्सपेक्षा जास्त उपयोगी पडली असं मनापासून वाटतं.

एवढं केल्यावर त्याच तिसऱ्या बागेवर 140 पैकी 117 बरोबर आले, 84 टक्के. तेल्याच्या 58 फोटोंपैकी 50 पकडले, आठ सुटले, आणि त्यातल्या सहा फळांवर बोर्डोची फवारणी होऊन निळसर थर बसला होता. मला एकूण ॲक्युरसीपेक्षा हे आठ जास्त महत्त्वाचे वाटतात, कारण निरोगी फळाला चुकून तेल्या म्हटलं तर माणूस एकदा जाऊन बघेल, पण खरा तेल्या सुटला तर तो पावसाच्या थेंबांबरोबर बागभर पसरतो. आणि एक गोष्ट आधीच सांगते, दुरुस्त्या करताना मी तिसऱ्या बागेचे निकाल पुन्हा पुन्हा बघितलेत, त्यामुळे 84 हा आकडासुद्धा थोडा वरचाच असणार. म्हणून आता चौथ्या बागेचे फोटो जमवतेय, ते शेवटी एकदाच वापरणार.

पायथन आणि पायटॉर्च मला नीट येतं, गिट रोज वापरते. मोठ्या डेटावर किंवा टीममध्ये काम केलेलं नाही, आणि तेच तुमच्याकडे शिकायचंय, विशेषतः दोन लेबल लावणाऱ्यांचं जमत नसेल तर तुम्ही निर्णय कसा घेता हे.

1 जानेवारीपासून सहा महिने पूर्णवेळ येऊ शकते, कॉलेजची परवानगी मिळालीय. पुण्यात मावशीकडे राहण्याची सोय आहे. रिझ्युमे आणि नोटबुक सोबत जोडलंय, नोटबुकमध्ये चुकलेले सगळे 23 फोटो शेवटी एकत्र ठेवलेत, वेळ कमी असेल तर आधी तेवढेच बघा.

आपली,
स्नेहा
सोलापूर