वारंवार थकवलेल्या पगारामुळे नोकरीचा करार संपुष्टात आणत असल्याची आणि येणे रकमांवरील हक्क राखून ठेवत असल्याची सूचना

दिनांक : 9 मार्च 2026
(समक्ष, तसेच स्पीड पोस्टाने पोचपावतीसह)

प्रति,
व्यवस्थापकीय भागीदार,
जिनिंग व प्रेसिंग कारखाना,
ता. राळेगाव, जि. यवतमाळ

संदर्भ : 1 ऑक्टोबर 2019 चे नेमणूक पत्र, माझी 12 नोव्हेंबर 2025 व 4 फेब्रुवारी 2026 ची पत्रे

महोदय,

मी आपल्या कारखान्यात 1 ऑक्टोबर 2019 पासून हिशेबनीस म्हणून कामावर आहे आणि हंगामात काटाघराचे कामही माझ्याकडेच असते. माझा मासिक पगार 18,400 रुपये असून भविष्य निर्वाह निधीचे 1,800 व व्यवसाय कराचे 200 रुपये वजा होऊन 16,400 रुपये हाती येतात. नेमणूक पत्राच्या कलम 4 प्रमाणे हा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत माझ्या बँक खात्यात जमा करणे आपणावर बंधनकारक आहे. पूर्वीचा वेतन प्रदान अधिनियम, 1936 घ्या किंवा 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेली वेतन संहिता, 2019 घ्या, आपल्या कारखान्यासाठी सातव्या दिवसाची ही मर्यादा दोन्हींत तीच आहे.

प्रत्यक्षात काय घडले ते माझ्या बँक पासबुकावरून लिहीत आहे. मे 2025 चा पगार 26 जूनला आणि जुलैचा 2 सप्टेंबरला मिळाला. ऑगस्टच्या पगारातले 8,000 रुपये 10 ऑक्टोबरला आले. उरलेले 8,400 आणि सप्टेंबरचा पूर्ण पगार 18 नोव्हेंबरला, म्हणजे माझ्या पहिल्या पत्रानंतर सहा दिवसांनी जमा झाला. मधल्या काळात दिवाळी होऊन गेली. ऑक्टोबरचा पगार 24 डिसेंबरला मिळाला. नोव्हेंबरच्या पगारापोटी 30 जानेवारीला फक्त 10,000 रुपये आले आणि त्यानंतर आजपर्यंत एक रुपयाही जमा झालेला नाही. फेब्रुवारीच्या पगाराची मुदतही परवा, 7 मार्चला, टळून गेली.

दर वेळी मला तोंडी कारणे सांगण्यात आली : व्यापाऱ्याने गाठी उचलल्या नाहीत, सरकीचे भाव पडले, हंगाम संपू द्या. कापसाच्या धंद्यात पैसा अडकतो हे हिशेब लिहिणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही, आणि म्हणूनच पहिले काही महिने मी तक्रार न करता काम केले. याच काळात काट्यावर आलेल्या गाड्यांच्या पावत्या फाडून शेतकऱ्यांच्या चुकाऱ्यांच्या नोंदी मी रात्री नऊ-नऊपर्यंत लिहिल्या. शेतकऱ्याचा चुकारा वेळेवर व्हावा याबद्दल माझी तक्रार असण्याचे कारणच नाही. मात्र मी या धंद्यात भागीदार नाही. तेजीत नफ्याचा वाटा मी मागितला नाही, त्यामुळे मंदीचा भार माझ्या पगारावर टाकता येणार नाही.

4 फेब्रुवारीच्या पत्रात मी 28 फेब्रुवारीपर्यंत सर्व थकबाकी देण्याची विनंती केली होती आणि तसे न झाल्यास हा कराराचा भंग समजून पुढील निर्णय घेईन, असे स्पष्ट लिहिले होते. त्या पत्राच्या माझ्याकडील प्रतीवर आपल्या कार्यालयाचा आवक शिक्का आहे. पत्राला लेखी उत्तर आले नाही आणि पैसेही आले नाहीत.

वेळेवर वेतन देणे हा नोकरीच्या कराराचा गाभा आहे. ते एखाद्या महिन्यात चुकून लांबले नसून महिनोन्महिने, लेखी मागणी केल्यानंतरही, थकवले गेले आहे. त्यामुळे आपण कराराचा मूलभूत भंग केला आहे असे मी मानतो, आणि त्या कारणावरून हा करार आज, 9 मार्च 2026 रोजी, कामाची वेळ संपल्यापासून संपुष्टात आणत आहे. हा स्वखुशीचा राजीनामा नाही. माझ्या कागदपत्रांत तशी नोंद करू नये. करार आपल्या भंगामुळे संपत असल्याने नेमणूक पत्राच्या कलम 9 मधील एक महिन्याच्या सूचनेची अट मला लागू होत नाही, आणि सूचनेपोटी कोणतीही रक्कम माझ्या येण्यातून कापल्यास ती मला मान्य असणार नाही.

उशिरा आलेला किंवा अर्धवट पगार मी आजवर स्वीकारला, तो घर चालवायचे होते म्हणून. त्यावरून कलम 4 मधील मुदत मी सोडून दिली किंवा उशिराला संमती दिली, असा अर्थ काढता येणार नाही.

आजअखेर मला येणे असलेल्या रकमा अशा आहेत. नोव्हेंबरचे उरलेले 6,400, डिसेंबर व जानेवारीचे प्रत्येकी 16,400, आणि फेब्रुवारीचे, त्या महिन्यात व्यवसाय कर 300 रुपये असल्याने, 16,300 असे एकूण 55,500 रुपये हातात मिळणाऱ्या पगाराचे थकले आहेत. 1 ते 9 मार्चच्या पगाराचे कपातीपूर्वी 5,342 रुपये होतात. सलग सहा पूर्ण वर्षांच्या सेवेबद्दल उपदान, शेवटच्या पगारावर 15 भागिले 26 या कायद्यातील सूत्राने, 63,692 रुपये होते. याशिवाय हजेरी पुस्तकात शिल्लक दिसणाऱ्या 14 दिवसांच्या अर्जित रजेचा मोबदला आणि 2024-25 चा न दिलेला बोनसही येणे आहे.

भविष्य निर्वाह निधीची बाब अधिक गंभीर आहे. माझ्या पगारातून 1,800 रुपये दरमहा कापल्याचे वेतनचिठ्ठीवर दिसते, पण निधीच्या सदस्य पासबुकात ऑगस्ट 2025 नंतर एकही भरणा दिसत नाही. कापलेली रक्कम आणि आपला वाटा तातडीने भरून माझी सेवासमाप्तीची तारीख नोंदवावी.

वेतन संहितेच्या कलम 17 मधील दोन कामाच्या दिवसांची मुदत धरून पगाराची संपूर्ण थकबाकी 11 मार्च 2026 पर्यंत आणि उपदान, कायद्यातील 30 दिवसांच्या आत, माझ्या नेहमीच्या बँक खात्यात जमा करावे. अर्धवट रक्कम आल्यास ती सर्वांत जुन्या थकबाकीपोटी धरली जाईल. ती स्वीकारली म्हणजे पूर्ण व अंतिम हिशेब मान्य केला असे होणार नाही, आणि तशा मजकुराच्या किंवा कोऱ्या पावतीवर मी सही करणार नाही.

करार संपवल्यामुळे यापैकी कोणतीही रक्कम मी सोडून देत नाही. वेतन संहितेच्या कलम 45 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे थकबाकी व भरपाईचा दावा करण्याचा, तसेच भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 73 व 75 खाली नुकसानभरपाई मागण्याचा माझा हक्क अबाधित आहे. पगार न आल्याने माझ्या कर्जाचा हप्ता दोनदा परत गेला आणि बँकेने प्रत्येक वेळी 590 रुपये कापले. हे 1,180 रुपये त्या नुकसानीचाच भाग आहेत.

कामाचा ताबा मी अडवून ठेवणार नाही. उद्या सकाळी 11 वाजता येऊन काटाघराच्या किल्ल्या, पावती पुस्तके, खातेवह्या आणि टॅलीचा पासवर्ड मी यादी करून, दोन्ही बाजूंच्या सहीने सोपवीन. त्याच वेळी सेवेचा दाखला आणि ऑक्टोबरपासूनच्या वेतनचिठ्ठ्या मला मिळाव्यात.

सोबत बँक व निधी पासबुकांच्या संबंधित पानांच्या आणि माझ्या दोन्ही पत्रांच्या प्रती जोडल्या आहेत. या पत्राची एक प्रत सरकारी कामगार अधिकारी, यवतमाळ यांना माहितीसाठी पाठवत आहे.

आपला,

(सही)
प्रमोद वानखडे
हिशेबनीस