‘पेटीतला मोडी कागद वाचूया’: वेबिनारची नोंदणी ते रेकॉर्डिंग, सगळे मजकूर

पहिली पोस्ट (गुरुवार, १२ नोव्हेंबर, सकाळी)

सलास सितैन मया व अल्लफ.

तुमच्या घरच्या जुन्या कागदाच्या सुरुवातीला असं काहीतरी असेल, तर ते त्या कागदाचं साल आहे. सलास म्हणजे ३, सितैन ६०, मया १००, अल्लफ १०००. बेरीज ११६३. हा शुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७६२, आणि कागद जानेवारी ते मे या महिन्यांतला असेल तर ६०० मिळवून १७६३. कागद मराठीच आहे, साल मात्र अरबी शब्दांत लिहिलंय. अक्षरं ओळखू आली तरी पुष्कळ जण इथेच अडतात.

रविवार, २२ नोव्हेंबर, संध्याकाळी ७ ते ८.३०. झूमवर, मोफत.
या दीड तासात एका वतनपत्राच्या पहिल्या तीन ओळी आपण एकत्र वाचू: शिरोरेघ, सलग लिहिलेले शब्द, साल, गावाचं नाव आणि ज्याला पत्र लिहिलंय तो माणूस. मोडीचं एकही अक्षर येत नसेल तरी या. देवनागरी वाचता आली म्हणजे झालं.

८ वाजून ५ मिनिटांनी मी दहा मिनिटं माझ्या दहा आठवड्यांच्या कोर्सबद्दल बोलेन. ते नको असेल तर तेवढा वेळ चहा घेऊन या, त्यानंतर प्रश्नोत्तरं आहेत.

नोंदणीसाठी खाली ‘मोडी’ एवढंच लिहा. लिंक तुम्हाला मेसेजमध्ये येईल.

दुसरी पोस्ट (सोमवार, १६ नोव्हेंबर, रात्री)

चार दिवसांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरं.

कुणबी नोंदीसाठी दाखला काढायचाय, उपयोग होईल का? नोंद कुठल्या ओळीत आहे ते शोधायला उपयोग होईल. कार्यालयात जोडायचं प्रमाणित लिप्यंतर मात्र या वेबिनारमधूनही मिळणार नाही आणि कोर्समधूनही नाही. तेवढंच काम असेल तर पैसे इथे घालू नका.

आमचा कागद पाठवला तर वाचून द्याल का? वेबिनारमध्ये नाही. एकाचा कागद वाचत बसलो तर बाकीच्यांचा वेळ जातो. कोर्समध्ये सातव्या आठवड्यापासून प्रत्येकाचा स्वतःचा कागद घेतो.

आम्ही परदेशात आहोत. त्या वेळी दुबईत संध्याकाळचे ५.३०, लंडनमध्ये दुपारचे १.३० आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ८.३० वाजलेले असतील.

नोंदणी शनिवारी रात्री १० वाजता बंद होईल.

नोंदणी झाल्यावर लगेच जाणारा मेसेज

नमस्कार. तुमची नोंदणी झाली. तीन कामं आजच करून ठेवा.

१. हा नंबर सेव्ह करा. आठवणीचे मेसेज ब्रॉडकास्टने जातात आणि नंबर सेव्ह नसेल तर ते पोचतच नाहीत. ‘लिंक आलीच नाही’ म्हणणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा हीच असते.

२. सोबतचा एक पानाचा सरावकागद ए-फोर आकारात, ‘फिट टू पेज’ न करता छापा. लहान छापला तर रेघांमधलं अंतर कमी होतं आणि उकार खालच्या ओळीत घुसतात. प्रिंटर नसेल तर एकेरी रेघांची वही चालेल, एक ओळ सोडून लिहायचं.

३. फोनवरून येणार असाल तर झूमचं ॲप आधीच घेऊन एकदा उघडून बघा. जमलं तर लॅपटॉपवरच या. फोनच्या पडद्यावर मोडीतली गाठ आणि वळण वेगळं दिसत नाही.

पेन साधं जेलचं चालेल. बोरू विकत आणायची गरज नाही.

आदल्या दिवशी (शनिवार, २१ नोव्हेंबर, सकाळी १०)

उद्या संध्याकाळी ७ वाजता. आज पाच मिनिटं काढून एवढं करा: सरावकागदाच्या वरच्या कडेला डावीकडून उजवीकडे एक सलग रेघ ओढा आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत कुठलंही एक वाक्य देवनागरीत लिहा, दोन शब्दांमध्ये जागा न सोडता. आता घरातल्या कुणालातरी ते वाचायला द्या. ते कुठे अडखळतात ते बघा. मोडी वाचताना पहिली अडचण हीच येते. रेघ आधी, शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हं नाहीत. अक्षरांची ओळख त्यानंतरची.

तो कागद उद्या जवळ ठेवा, सुरुवात तिथूनच करू.

एक तास आधी

७ वाजता सुरू. लिंक याच मेसेजखाली आहे. ६.५० पासून आत घेतो. झूममध्ये स्वतःचं नाव आणि गाव लिहा, नुसतं फोनच्या मॉडेलचं नाव दिसलं तर वेटिंग रूममधून आत घेता येत नाही. माइक बंद ठेवा, प्रश्न चॅटमध्ये लिहा.

दहा मिनिटं आधी

दार उघडलंय. कागद, पेन, पाणी घेऊन या.

रेकॉर्डिंगचा मेसेज (सोमवार, २३ नोव्हेंबर, सकाळी ९)

काल आलात त्यांचे आभार. ज्यांना जमलं नाही त्यांच्यासाठी रेकॉर्डिंग खाली आहे. ते बुधवार, २५ तारखेला रात्री ११ पर्यंत उघडं राहील.

सगळं बघायला वेळ नसेल तर ३४ व्या मिनिटापासून बघा, साल काढणं तिथे आहे. कोर्सची माहिती १ तास ४ मिनिटांपासून, प्रश्न १ तास १४ मिनिटांपासून.

काल चॅटमध्ये बरेच जण एकाच जागी अडकले: पहिल्या अक्षरापासून एकेक अक्षर लावत गेले आणि चौथ्यावर थांबले. असं वाचू नका. आधी ओळीत ओळखीचे शब्द शोधा. ‘राजश्री’, ‘मौजे’, ‘बिन’ हे सापडले की त्यांच्या अलीकडे-पलीकडे नावंच असतात. ऱ्हस्व-दीर्घावर अडू नका, मोडी लिहिणारे तो फरक सहसा पाळत नसत.

घरचा कागद काढाल तेव्हा घडी जबरदस्तीने उलगडू नका, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, वरून सरळ फोटो घ्या.

कोर्सचा शेवटचा मेसेज (शुक्रवार, २७ नोव्हेंबर, सकाळी)

कोर्सची नोंदणी आज रात्री १० वाजता बंद होते. ४० जागांपैकी ९ शिल्लक आहेत. ४० च्या वर घेत नाही, कारण दर आठवड्याला प्रत्येकाची वही मी स्वतः तपासतो.

१ डिसेंबर ते ४ फेब्रुवारी, मंगळवार आणि गुरुवार, रात्री ८.३० ते ९.३०, एकूण २० तास. पहिले सहा आठवडे अक्षरं, जोडाक्षरं, संक्षेप आणि कालगणना. पुढचे चार आठवडे फक्त कागद वाचन. फी ३,६०० रुपये, दोन हप्ते चालतात. दुसऱ्या तासापर्यंत सोडलंत तर पूर्ण फी परत.

आठवड्याला घरी निदान तीन तास लिहायला मिळणार नसतील तर या वेळी थांबा. नुसतं तास ऐकून मोडी येत नाही, हाताला वळण लागावं लागतं. पुढची तुकडी जूनमध्ये आहे. तिची आठवण हवी असेल तर या मेसेजला ‘जून’ असं उत्तर द्या.

यायचं नक्की असेल तर यूपीआयने फी भरा आणि पावतीचा स्क्रीनशॉट इथेच पाठवा. वर्गाची लिंक आणि अक्षरांचा तक्ता उद्या दुपारपर्यंत येईल.