१ फेब्रुवारी ते ३ मे: व्हिडिओ येणार नाहीत, पण मी बरी आहे

मंडळी, मुद्द्याचं आधी सांगते. येत्या रविवारी, १ फेब्रुवारीला, नेहमीसारखा रात्री आठ वाजता आपला आकाशदर्शनाचा व्हिडिओ येईल. त्यानंतर बारा रविवार काहीही येणार नाही. व्हिडिओ नाही, लाइव्ह नाही, छोट्या क्लिपाही नाहीत. ३ मे २०२६, रविवार, रात्री आठ वाजता मी परत येते आहे. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, मी माझ्याकडे लिहिली आहे.

मी आजारी नाही. घरात सगळे ठणठणीत आहेत. पैशाची ओढाताण नाही, कुणाशी भांडण नाही, कुणाच्या कमेंटने मन दुखावलेलं नाही. चॅनल बंद होत नाही आणि विकलंही जात नाही.

हे इतकं स्पष्ट लिहिण्यामागे गेल्या वर्षीचा अनुभव आहे. सलग दोन रविवार व्हिडिओ आला नव्हता, आठवतंय ना? हार्ड डिस्क गेली होती आणि तिच्यात दोन्ही व्हिडिओ होते, बस इतकंच. पण मी काही कळवलं नाही. वाटलं, दोनच तर आठवडे आहेत, कुणाच्या लक्षात येणार? पंधरा दिवसांनी मेसेज उघडले तर "ताई, बऱ्या आहात ना?" असे तीनशेच्या वर निरोप. एका मुलीने रोज रात्री एक ओळ पाठवली होती, "आज तरी उत्तर द्या." एका काकांनी लिहिलं होतं की त्यांच्या ग्रुपवर मला मोठं ऑपरेशन झाल्याचं कुणीतरी सांगितलंय. ते वाचताना पोटात कालवलं. माझ्या गप्प बसण्याने तुम्हाला घोर लागला आणि त्याची भरपाई मी कधी केली नाही. म्हणून या वेळी आधी सांगते, आणि कारणही सांगते.

डिसेंबरमध्ये मी वसिष्ठ-अरुंधतीवर व्हिडिओ करत होते. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला अगदी खेटून बसलेली बारीक अरुंधती. रात्री एक वाजता हेडफोन लावून एडिटिंग चाललं होतं. माझाच आवाज कानात म्हणाला, "काल रात्री मी पाहिली तेव्हा अरुंधती अगदी स्वच्छ दिसत होती." मी तिथेच थांबवलं. काल रात्री मी आकाश पाहिलंच नव्हतं. त्याआधीच्या रात्रीही नाही. पडद्यावरचं चित्रण तीन वर्षांपूर्वीचं होतं आणि ते वाक्य सवयीने तोंडातून गेलं होतं. मी ते कापलं, व्हिडिओ वेळेवर लावला, तुमच्यापैकी कुणाला काही जाणवलं नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. सहा वर्षं मी तुम्हाला "वर बघा" सांगते आहे, आणि न बघता बघितलं म्हणाले.

दुसऱ्या रात्री ठरवून गच्चीत गेले. कृत्तिका डोक्यावर होत्या. हे चॅनल सुरू केलं तेव्हा त्याच गच्चीतून मला कृत्तिकांचे सहा तारे सहज मोजता यायचे, चांगल्या रात्री सातवाही सापडायचा. त्या रात्री चार दिसले. आधी वाटलं नजर कमी झाली. मग लक्षात आलं की हातात फोन आहे आणि मी दर पाच-सात मिनिटांनी तो बघते आहे. कुणाची कमेंट आली, किती जणांनी पाहिला, कुणी काही चूक दाखवली का. हे मीच तुम्हाला कितीदा सांगितलंय: अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि फोनच्या उजळ पडद्याकडे एकदा पाहिलं की ती कमाई बरीचशी जाते, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चाळीस मिनिटं गच्चीत उभी राहूनही माझे डोळे अंधारात पोचलेच नव्हते.

फोन खाली ठेवून परत वर आले. अर्ध्या तासाने सहा तारे दिसले. तेच सहा. मला रडू आलं, आणि तेव्हाच ही सुट्टी ठरली.

तेव्हा ही विश्रांती म्हणजे दमून पडून राहणं नाही. मला तीन महिने फोनशिवाय, कॅमेऱ्याशिवाय आकाशाखाली उभं राहायचं आहे. वही आणि लाल कागद गुंडाळलेली बॅटरी, एवढंच सोबत. जे दिसेल ते लिहायचं, आणि ते लिहिताना याचा व्हिडिओ कसा होईल हे डोक्यात येऊ द्यायचं नाही. हे शेवटचं मला सगळ्यात जड जाणार आहे, हे आत्ताच माहीत आहे.

काही जणांनी सुचवलं की बारा व्हिडिओ आधी करून वेळ लावून ठेव, लोकांना कळणारही नाही. कष्ट वाचवायला अनेक जण तसं करतात आणि त्यात गैर काही नाही. मीही प्रयत्न केला, चार तयारही केले. पण आपल्या व्हिडिओंचा सगळा जीव "आज रात्री" या दोन शब्दांत आहे. महिनाभर आधी रेकॉर्ड करून "आज रात्री बघा, मीही बघते आहे" म्हणायचं, तर मग ज्या वाक्यासाठी ही सुट्टी घेते आहे तेच बारा वेळा बोलल्यासारखं होईल. ते चारही पुसून टाकले.

३ मार्चचं खग्रास चंद्रग्रहण या काळात येतंय, त्याचं लाइव्ह होणार नाही. हे लिहिताना हात जड झालाय, कारण ग्रहणाच्या रात्री आपण सगळे एकत्र असतो. पण चंद्रग्रहणाला माझी गरज नसते, चष्माही लागत नाही, दुर्बीणही नाही. खग्रास अवस्था जवळजवळ तासभर असते, जिथून दिसणार असेल तिथे नुसत्या डोळ्यांनी बघा. तो तांबूस रंग पृथ्वीच्या वातावरणातून वळून चंद्रावर पडलेल्या प्रकाशाचा आहे, एवढं शेजारी उभ्या असलेल्या लहान मुलाला सांगा. येत्या रविवारचा व्हिडिओ याच विषयावर आहे. त्या दिवशी पौर्णिमेचाच चंद्र असेल, म्हणजे बरोबर एक पौर्णिमा आधी सराव होईल.

आता व्यवहाराचं. सभासदांची फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलची वर्गणी घेतली जाणार नाही. तुम्हाला काही करायचं नाही, माझ्याकडून ती थांबवली आहे. मेमध्ये पुन्हा सुरू होण्याआधी आठ दिवस कळवेन, म्हणजे ज्यांना नको असेल त्यांना सवडीने बाहेर पडता येईल. जुने सगळे व्हिडिओ आहेत तिथेच राहतील. कमेंट उघड्या आहेत, एक मैत्रीण येऊन फक्त शिवीगाळ आणि जाहिराती काढेल. उत्तरं ती देणार नाही आणि मीही नाही. तुमचे प्रश्न मात्र वाया जाणार नाहीत, मे महिन्यात बसून वाचेन.

एक गोष्ट मनापासून बजावते. एखादं चॅनल शांत झालं की त्याच नावाची, तोच फोटो लावलेली खोटी खाती निघतात. "ताईंच्या उपचारासाठी मदत", "सभासदांना दुर्बीण बक्षीस, फक्त कुरिअरचे पैसे भरा", असे निरोप तुम्हाला येऊ शकतात. मी या तीन महिन्यांत कुणालाही खासगी मेसेज करणार नाही, नवं खातं उघडणार नाही, एक रुपयाही मागणार नाही. माझ्या नावाने असं काही आलं तर ते मी नव्हे. तक्रार करा आणि घरातल्या मोठ्यांनाही सांगून ठेवा, कारण प्रेमापोटी पैसे पाठवणारे बहुधा तेच असतात.

मध्ये एकदाच मी डोकावेन. २२ मार्चला, रविवारी, संध्याकाळच्या चंद्रकोरीचा एक फोटो टाकेन. ढग असतील तर ढगांचा. सोबत काही लिहिणार नाही. तो दिसला की समजा, सगळं ठीक आहे. आणि तो एखाद दिवस उशिरा आला तरी काळजी करू नका, मी कुठेतरी नेटवर्क नसलेल्या अंधारात असेन.

आपल्यातल्या जुन्या मंडळींना २०१९ चा शेवट आठवत असेल. मृगातला काक्षी, म्हणजे बेटेलज्यूज, एकाएकी अंधुक झाला आणि सगळीकडे एकच चर्चा, की तारा आता फुटणार. आपलं चॅनल तेव्हा तीन महिन्यांचं होतं आणि माझा पहिला जरा जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ तोच. फेब्रुवारी २०२० पर्यंत तो मंदावत गेला, आणि एप्रिल येईतो पुन्हा पूर्वीसारखा तेजस्वी झाला. त्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या वायूची धूळ होऊन ती आपल्या आणि त्याच्या मध्ये आली होती, असं पुढच्या अभ्यासातून दिसलं. तेव्हा एका शाळकरी मुलाने कमेंटमध्ये विचारलं होतं, "ताई, तो तिथेच आहे ना?" ती कमेंट मी अजून जपून ठेवली आहे.

तुमच्याकडून एकच मागते: थांबा. सबस्क्राइब काढू नका, घंटी चालू राहू द्या. आकड्यासाठी म्हणत नाही. परत आल्यावर पहिल्या रविवारी समोर कुणीच नसेल ही भीती मला आहे, आणि ती तुमच्यापासून लपवावीशी वाटत नाही. एवढ्या काळात तुम्हाला दुसरं कुणी आवडलं, तर त्यांनाही जरूर बघा. आकाश सगळ्यांना पुरतं.

तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात, म्हणजे ३ मेपर्यंत तब्बल सहा तासांचा फरक पडेल. आज मध्यरात्री जे उगवतंय ते तेव्हा संध्याकाळीच वर आलेलं असेल. मृग पश्चिमेला मावळायला टेकलेला असेल. आणि शुक्र, जो ६ जानेवारीला सूर्यापलीकडे गेल्याने सध्या कुणालाच दिसत नाहीये, तो तोपर्यंत संध्याकाळी पश्चिमेला लखलखत असेल. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो गुरूच्या अगदी जवळ येतो. परत आल्यावर पहिली मालिका त्यावरच करायची आहे, आणि त्यातली प्रत्येक रात्र मी स्वतः पाहिलेली असेल.

रविवारी आठ वाजता या. प्रश्न असतील तर त्याच दिवशी विचारा, त्या रात्री मी बारा वाजेपर्यंत कमेंटमध्ये आहे. मग फोन बंद.

तुमची ताई