घर सोडायची बॅग (कपाटाच्या दाराला आतून लावायचा कागद)

निळी बॅग पडवीतल्या कपाटात, खालच्या खणात. माळ्यावर कोणीही टाकू नये. आबा, आजी, आम्ही दोघं आणि छोटी, पाच जणांचे तीन दिवस निघतील एवढं त्यात आहे. पाण्याचा २० लिटरचा कॅन बॅगेशेजारीच.

औषधं. आबांच्या बीपी-शुगरच्या सात दिवसांच्या गोळ्या, पॅरासिटामॉल, ओआरएसची सहा पाकिटं (एक पाकीट एक लिटर पाण्याला, कालवलेलं २४ तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं), पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या गोळ्या, पट्ट्या, जंतुनाशक मलम. स्ट्रिपमधून गोळ्या कापताना तारीख छापलेला तुकडा शेवटपर्यंत ठेवा. तो गेला की उरलेल्या गोळ्या कधीच्या ते कळायला मार्ग नाही. आबांची नवी औषधं आली की ती बॅगेत आणि बॅगेतली रोजच्या डब्यात, म्हणजे काही फुकट जात नाही.

खाणं. राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, खजूर, बिस्किटं, छोटीसाठी दुधाची पावडर. फणसपोळी चालेल. सुकट-सोडे अजिबात नकोत, शाळेत आसरा घ्यावा लागला तर अख्खा वर्ग घमघमेल.

कागद. आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा, आबांची औषधाची चिठ्ठी, सगळ्यांच्या झेरॉक्स दुहेरी प्लास्टिकमध्ये. घराचे आणि पोफळीच्या बागेचे चालू वर्षातले फोटोही. पंचनाम्याच्या वेळी कामाला येतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर वीज आणि रेंज कित्येक दिवस नव्हती, तेव्हा एटीएमच्या भरवशावर राहू नका: ३,००० रुपये, दहा-वीस-पन्नासच्या नोटांत.

बाकी. टॉर्च (सेल बाहेर काढून वेगळ्या पिशवीत, खाऱ्या हवेत आतल्या आत गळतात), पॉवर बँक, शिट्टी, लायटर (काडेपेटी सादळते), दोरी, ताडपत्री, एकेक कपडा, सॅनिटरी पॅड.

निघताना घ्यायचं. आबांचं इन्सुलिन फ्रिजमधून, कवळी, चष्मे, मोबाइल. मेन स्विच आणि गॅस बंद. गुरांची दावी सोडा. रुग्णवाहिका १०८, पोलीस-अग्निशमन ११२, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७.

तपासणी
१ मे आणि दसरा: बॅग पूर्ण रिकामी करून. अरबी समुद्रात वादळं मुख्यतः पावसाळ्याच्या आधी आणि नंतर उठतात, म्हणून हे दोन दिवस. सहा महिन्यांच्या आत तारीख संपणारं सगळं काढून घरात वापरा. छोटीचे कपडे मापाला होतात का बघा.
जून ते सप्टेंबर, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी: औषधं, बिस्किटं, बुरशी.
दर महिन्याला: पॉवर बँक चार्ज, कॅनमधलं पाणी झाडांना घालून नवं भरा.

नोंद
१ मे २०२५: ओआरएस, मलम, सेल बदलले.
दसरा, २ ऑक्टोबर २०२५: खाणं सगळं नवं. छोटीचा फ्रॉक आखूड झाला, मोठा ठेवला. क्लोरीनच्या गोळ्यांची तारीख मार्च २०२६, त्या फेब्रुवारीत दापोलीहून आणायच्या.