फ्लक्स बदलला, धारा कुणीकडे? : सरावपत्रिका

बारावी विज्ञान, भौतिकशास्त्र. सांगली, विश्रामबाग बॅच. प्रश्न ५, वेळ १५ मिनिटे.

सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून अंदाजपंचे गोल रंगवू नका. पर्याय मुद्दामच सख्ख्या भावांसारखे दिले आहेत. ते वाचण्याआधी समासात लिहा: फ्लक्स कुठल्या दिशेने आहे, वाढतोय की घटतोय, आणि आपण कुठून बघतोय. खाली ‘सुलट’ म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, ‘उलट’ म्हणजे त्याविरुद्ध.

प्र. १. पट्टी चुंबकाचा उत्तर ध्रुव डावीकडून कुंडलाजवळ आणला. कुंडलाच्या उजवीकडे उभ्या असलेल्या विद्यार्थिनीला धारा कशी दिसेल?
(अ) सुलट, कारण तिच्याकडची बाजू दक्षिण ध्रुव होते
(ब) उलट, कारण तिच्याकडची बाजू उत्तर ध्रुव होते
(क) सुलट, कारण तिच्याकडची बाजू उत्तर ध्रुव होते
(ड) उलट, कारण चुंबकाकडची बाजू उत्तर ध्रुव होते

प्र. २. आडव्या धरलेल्या तांब्याच्या कड्यातून चुंबक खाली पडतो, उत्तर ध्रुव खाली. वरून पाहता कड्यातली धारा, आधी चुंबक जवळ येताना आणि मग तो खाली निघून जाताना:
(अ) उलट, उलट
(ब) उलट, सुलट
(क) सुलट, उलट
(ड) सुलट, सुलट

प्र. ३. टेबलावरच्या लांब सरळ तारेत धारा उत्तरेकडे वाहते. तारेच्या पूर्वेला टेबलावरच चौकोनी कुंडल आहे. (१) तारेतली धारा कमी होत गेली. (२) धारा स्थिर ठेवून कुंडल तारेला समांतर सरकवलं. वरून पाहता कुंडलातली धारा:
(अ) सुलट, शून्य
(ब) उलट, शून्य
(क) सुलट, उलट
(ड) उलट, सुलट

प्र. ४. कागदातून आपल्याकडे येणारा फ्लक्स धन मानला. `Φ = 3t² − 12t + 5` (Φ मिलीवेबरमध्ये, t सेकंदात), कुंडलाचा रोध २ ओहम. `t = 1` आणि `t = 3` ला धारा:
(अ) उलट ३ mA, सुलट ३ mA
(ब) उलट ३ mA, उलट ३ mA
(क) सुलट ३ mA, उलट ३ mA
(ड) दोन्ही वेळा शून्य, कारण फ्लक्स सारखाच आहे

प्र. ५. सांगलीत गच्चीवर तांब्याची चौकोनी फ्रेम सपाट ठेवली आहे. तिची पश्चिमेकडची कड होकायंत्राच्या सुईच्या रेषेत, बिजागरीवर बसवलेली. पूर्वेकडची कड उचलायला सुरुवात केली. वरून पाहता धारा:
(अ) सुलट, पृथ्वीच्या क्षेत्राच्या उभ्या घटकामुळे
(ब) उलट, उभ्या घटकामुळे
(क) सुलट, आडव्या घटकामुळे
(ड) नाही, कारण पृथ्वीचं क्षेत्र स्थिर आहे

उत्तरं: १-अ, २-ब, ३-अ, ४-अ, ५-अ

पाचपैकी चार ‘अ’ आले म्हणून बिचकू नका. उत्तरांचा पॅटर्न शोधणाऱ्यांसाठीच ते तसं ठेवलंय.

१ मध्ये (ड) चं कारण अगदी बरोबर आहे, म्हणूनच पोरं तिथे फसतात. चुंबकाकडून पाहिलं तर धारा उलटच दिसते. विद्यार्थिनी मात्र पलीकडे उभी आहे.

२ मध्ये चुंबक वर असो की खाली, कड्यातून जाणारं क्षेत्र खालच्याच दिशेने असतं. आधी ते वाढतं, मग घटतं. लेंझने १८३४ मध्ये मांडलेला नियम बदलाला विरोध सांगतो, क्षेत्राला नाही. वाढताना धारा वरच्या दिशेचं क्षेत्र तयार करते, घटताना खालच्या दिशेचं. बल मात्र दोन्ही वेळा चुंबकाला वरच ढकलतं.

३ सोपा आहे. तारेच्या पूर्वेला क्षेत्र टेबलात शिरतं आणि ते घटतंय. समांतर सरकताना तारेपासूनचं अंतर तेच राहतं, मग फ्लक्स बदलणार कसा?

४ वर वेळ घालवा. `dΦ/dt = 6t − 12`. दोन्ही क्षणी `Φ = −4`, म्हणजे फ्लक्स कागदात शिरणारा. पण `t = 1` ला `dΦ/dt = −6`: ऋण फ्लक्स आणखी ऋण होतोय, आत शिरणारा फ्लक्स वाढतोय. धारा बाहेरचं क्षेत्र तयार करते, म्हणून उलट. `t = 3` ला `+6`: आत शिरणारा घटतोय, म्हणून सुलट. ऋण चिन्ह दिसलं की ‘घटतोय’ लिहून मोकळे होऊ नका. `t = 2` ला फ्लक्स शून्य नाही, `−7` आहे. तरी धारा शून्य.

५ मध्ये सांगलीचं नाव उगाच घातलेलं नाही. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र उत्तरेकडे आणि थोडं जमिनीत झुकलेलं असतं. बिजागरी उत्तर-दक्षिण असल्याने आडवा घटक फ्रेमच्या प्रतलातच राहतो, त्याचा फ्लक्स शून्य. उरतो खालच्या दिशेचा उभा घटक. फ्रेम उचलली की त्याचा फ्लक्स घटतो, म्हणून सुलट. क्षेत्र स्थिर आहे, पण फ्रेमचा कोन बदलतोय. (ड) तिथेच बाद.

आता बिजागरी दक्षिणेकडच्या कडेला, पूर्व-पश्चिम लावा आणि उत्तरेकडची कड उचला. फ्रेम θ कोनात असताना फ्लक्स `BᵥA cosθ + BₕA sinθ`. सुरुवातीला तो वाढतो, म्हणून धारा उलट. `tanθ = Bₕ/Bᵥ` झालं, म्हणजे फ्रेम क्षेत्राला काटकोनात आली, की धारा शून्य होते आणि त्यापुढे तिची दिशा फिरते. आपल्याकडे आडवा घटक उभ्यापेक्षा मोठा असल्याने हा कोन ४५° पेक्षा जास्त येतो.